TXID दिला, स्क्रीनशॉट दिले, तरी तिकीट बंद केलं. नक्की काय चुकलं?

चांदणवेल (8 नोव्हेंबर, सकाळी 10:15)

मंडळी, तीन दिवस जीव टांगणीला लागलाय, म्हणून हा धागा काढतेय.

एका क्रिप्टो एक्स्चेंजवरून दुसऱ्या एक्स्चेंजवर USDT पाठवायचे होते. दोन्हीकडे खातं माझंच. आधी खात्री करून घ्यावी म्हणून फक्त 20 पाठवले. ते दहा-पंधरा मिनिटांत पोचले. मग उरलेले 230 पाठवले. पाठवणाऱ्या एक्स्चेंजवर त्याच्यापुढे "Completed" दिसतंय, पण दुसरीकडे आजतागायत काहीही जमा नाही.

दुसऱ्या एक्स्चेंजच्या सपोर्टला तिकीट टाकलं. त्यांनी TXID म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, स्क्रीनशॉट आणि वेळ मागितली. मी सगळं दिलं. उत्तर आलं की ही रक्कम तुमच्या खात्यात जमा झालेली आहे, आणि तिकीट बंद! मी पुन्हा तिकीट टाकलं, यावेळी तारीख ठळक लिहिली: 5 नोव्हेंबर, रात्री 12:21. त्यावर उत्तर: या तारखेला तुमच्या खात्याशी संबंधित व्यवहार आढळत नाही.

म्हणजे आधी म्हणतात जमा झाली, मग म्हणतात व्यवहारच नाही. मी अजून काय द्यायला हवं होतं?

घोडेस्वार77 (8 नोव्हेंबर, सकाळी 10:40)

TXID घेऊन ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणाऱ्या etherscan.io या एक्सप्लोररवर टाका. तिथे नोंद दिसली तर पैसे निघालेत, नाही दिसली तर पाठवणाऱ्या एक्स्चेंजने पाठवलेच नाहीत. एवढं सरळ आहे. आणि एकावर थांबू नका, चार-पाच तिकिटं टाका, म्हणजे कोणीतरी बघेल.

चांदणवेल (8 नोव्हेंबर, सकाळी 11:02)

आत्ता टाकून पाहिला. "Sorry, We are unable to locate this TxnHash" असं येतंय. म्हणजे त्यांनी पाठवलेच नाहीत का? मग Completed कशाला दाखवतायत?

मृण्मयी_क (8 नोव्हेंबर, सकाळी 11:20)

माझंही असंच झालं होतं. कार्डाने पैसे भरले, ऑर्डर रद्द झाली, परतावा दिला असं दुकान म्हणतंय आणि बँक म्हणतेय आला नाही. मी ऑर्डर नंबर चार वेळा दिला, तरी कोणी दाद दिली नाही. ऑर्डर नंबर द्या, हा माझा सल्ला.

पाणंद (8 नोव्हेंबर, दुपारी 12:05)

मृण्मयी, तुमचा विषय कार्डाचा आहे. तिथे ऑर्डर नंबर फक्त दुकानाला कळतो. बँकेला तो देऊन काही उपयोग नाही, म्हणूनच त्यांनी दाद दिली नाही. दुकानाकडून परताव्याचा ARN हा संदर्भ क्रमांक मागा. तो 23 अंकी असतो आणि बँकेला त्यावरून परतावा शोधता येतो. मूळ खरेदीचा नको, परताव्याचाच मागा.

चांदणवेल, तुमच्याकडे वळतो. मी काही वर्षं एका एक्स्चेंजच्या सपोर्ट डेस्कवर काम केलंय, त्यामुळे तुमची ही दोन परस्परविरोधी उत्तरं माझ्या ओळखीची आहेत. दोन्ही उत्तरं देणारी माणसं वेगळी असणार आणि दोघांनीही तुम्ही दिलेलंच शोधलं असणार. माझा अंदाज असा की पहिल्या तिकिटात तुमच्याकडून चाचणीच्या 20 चा TXID गेला. तो खरोखर जमा झालेला आहे, म्हणून "जमा झाली" आणि तिकीट बंद. दुसऱ्या तिकिटात फक्त तारीख होती, आणि ती त्यांच्या घड्याळात 5 नव्हतीच.

तीन गोष्टी सांगा. पहिल्या तिकिटात जो TXID दिला त्याची पहिली सहा आणि शेवटची चार अक्षरं. पाठवणाऱ्या एक्स्चेंजच्या विथड्रॉवल हिस्टरीत 230 वाल्या ओळीवर टॅप केल्यावर जे पान उघडतं, त्यावर दिसणारा TXID, तसाच अर्धवट. आणि त्याच पानावर Network समोर काय लिहिलंय ते. पूर्ण TXID इथे टाकू नका. तो तसा कोणालाही बघता येतो, पण इथे टाकलात की त्या पत्त्यावरची रक्कम तुमची आहे हे सगळ्या जगाला कळतं.

घोडेस्वार77 (8 नोव्हेंबर, दुपारी 12:18)

पण एक्सप्लोररवर नोंद नाही म्हणजे व्यवहार नाही. ब्लॉकचेनचा अर्थच तो आहे.

पाणंद (8 नोव्हेंबर, दुपारी 12:31)

त्या ब्लॉकचेनवर नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. etherscan फक्त इथेरियम बघतं. तुम्ही म्हणता तसंही घडतं. कधीकधी एक्स्चेंज TXID दाखवतं आणि व्यवहार अजून नेटवर्कवर सोडलेला नसतो. पण ते काही मिनिटांचं किंवा फार तर काही तासांचं असतं. तीन दिवसांनी Completed असताना "सापडत नाही" आलं, तर मी आधी चुकीचा एक्सप्लोरर उघडलाय का ते बघतो.

आणि चार-पाच तिकिटं मुळीच टाकू नका. एकाच खात्याची एकाच विषयावरची तिकिटं आम्ही एकत्र करायचो, आणि एकत्र केल्यावर बरेचदा शेवटच्या तिकिटाची वेळ धरली जायची. म्हणजे रांगेत पुढे जाण्याऐवजी मागे. शिवाय एकात एक TXID आणि दुसऱ्यात दुसरा असला की बघणारा गोंधळतो.

चांदणवेल (8 नोव्हेंबर, दुपारी 1:10)

पाणंद, तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला, अंगावर काटा आला.

पहिल्या तिकिटात दिलेला: 0x4be1…09fa. हा 20 वाल्या ओळीचा आहे. हिस्टरीच्या यादीत दोन्ही ओळी लागोपाठ दिसतात आणि कॉपीचं चिन्ह अगदी बारीक आहे, माझं बोट वरच्याऐवजी खालच्या ओळीवर पडलं असणार.

230 वाला: 0xd73c…5e18.

आणि Network: 20 वाल्यासमोर ERC20 आहे. 230 वाल्यासमोर BEP20. हे मी निवडलेलं नाही! पहिल्या वेळी मी स्वतः ERC20 निवडलं होतं. दुसऱ्या वेळी जतन केलेला पत्ता उचलला आणि रक्कम टाकली, नेटवर्कच्या रकान्याकडे पाहिलंच नाही.

पाणंद (8 नोव्हेंबर, दुपारी 1:48)

आता उलगडलं. पान पुन्हा उघडल्यावर त्या रकान्यात सगळ्यात स्वस्त नेटवर्क आपोआप भरलेलं असणार. दोन्ही नेटवर्कवरचा पत्ता सारखाच दिसतो, 0x आणि पुढे 40 अक्षरं, म्हणून फॉर्मने अडवलं नाही. पत्ता T ने सुरू होणाऱ्या ट्रॉनचा असता तर तिथल्या तिथे चूक दाखवली असती.

ERC20 म्हणजे इथेरियम, BEP20 म्हणजे BNB स्मार्ट चेन, आणि तिचा एक्सप्लोरर वेगळा आहे. आता 230 वाला TXID bscscan.com वर टाका आणि काय दिसतं ते सांगा. आधीच सांगून ठेवतो, त्या पानावर दोन गोष्टी बघून घाबरायला होतं. "From" मध्ये तुमचा पत्ता नसेल, कारण एक्स्चेंज स्वतःच्या सामायिक वॉलेटमधून पाठवतं. आणि "Interacted With (To)" मध्येही तुमचा डिपॉझिटचा पत्ता नसेल. तिथे 0x55d398… ने सुरू होणारा पत्ता असेल. तो त्या नेटवर्कवर USDT चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट आहे. "Value" समोरही शून्य दिसेल. खरा घेणारा आणि खरी रक्कम त्याच्या जवळच "BEP-20 Tokens Transferred" या ओळीत असते. तुमचा पत्ता तिथे शोधा.

ओंजळ (8 नोव्हेंबर, दुपारी 2:05)

हे "To" चं वाचून बरं वाटलं. मागे एकदा तेच बघून मी सपोर्टला कळवलं होतं की माझे पैसे भलत्याच पत्त्यावर गेले. त्यांनी मग चोरीच्या तक्रारीचा फॉर्म पाठवला आणि आठवडा त्यातच गेला. पैसे मुळात बरोबर जागी होते.

माझी आत्ताची अडचण वेगळी आहे. XRP पाठवताना डेस्टिनेशन टॅग टाकायचा राहिला. TXID आहे माझ्याकडे. त्याच्या सोबत काय द्यावं?

पाणंद (8 नोव्हेंबर, दुपारी 2:22)

ओंजळ, XRP मध्ये एक्स्चेंजचा पत्ता सगळ्यांना एकच असतो आणि टॅगवरून खातं ओळखतात. तुमच्या डिपॉझिटच्या पानावर जो टॅग दिसतो तो अंक म्हणून लिहा, आणि टाकायचा राहिला हे स्पष्ट सांगा. शिवाय पाठवणारी बाजू तुमची आहे याचा पुरावा लागेल: ज्या खात्यातून पाठवलं तिथल्या विथड्रॉवलच्या तपशिलाचा स्क्रीनशॉट, ज्यावर TXID आणि तुमच्या खात्याची ओळख एकाच चित्रात दिसेल. TXID सगळ्यांनाच दिसतो, त्यामुळे नुसत्या TXID वर कोणीही येऊन ते पैसे माझे म्हणू शकतं. त्यांची अडचण नेमकी तीच असते.

चांदणवेल (8 नोव्हेंबर, दुपारी 3:30)

bscscan वर दिसला! Status: Success. तुम्ही सांगितलं तसंच From अनोळखी, Value शून्य, आणि खाली टोकनच्या ओळीत माझा डिपॉझिटचा पत्ता, 230 पेक्षा थोडे कमी. कमी का?

आणि वेळ बघा: Nov-04-2025 06:54:37 PM UTC. मी तर 5 तारखेला मध्यरात्री पाठवले होते.

पाणंद (8 नोव्हेंबर, दुपारी 3:52)

कमी आहेत कारण पाठवणाऱ्या एक्स्चेंजने आपलं शुल्क रकमेतून कापून घेतलं. म्हणून तिकिटात 230 लिहू नका. एक्सप्लोररवर टोकनच्या ओळीत जो आकडा आहे, दशांशासकट, तोच लिहा. शोधणारा माणूस रकमेने शोधत असेल तर 230 टाकल्यावर त्याला काही सापडणार नाही.

वेळेचं म्हणाल तर तुमच्या दुसऱ्या तिकिटाचं गौडबंगाल इथेच आहे. तुमच्या फोनवर 5 तारीख, रात्रीचे 12:24. त्याच क्षणी UTC मध्ये 4 तारीख, संध्याकाळचे 18:54. त्यांनी 5 तारखेच्या नोंदी चाळल्या आणि काही नाही म्हणून कळवलं. नेटवर्कचा घोळ होताच, पण तारीख बरोबर असती तर कदाचित एखाद्याने तो त्याच दिवशी पकडला असता.

वेळ लिहिताना 2025-11-04 18:54:37 UTC अशी लिहा. 04/11 लिहिलंत तर अमेरिकेसारख्या ठिकाणी ते 11 एप्रिल वाचतात. आणि एक्सप्लोररच्या पानावर कधीकधी नुसतं "3 days ago" दिसतं, तसा स्क्रीनशॉट काढू नका. त्याच्या शेजारी कंसात पूर्ण वेळ असते, ती चित्रात आली पाहिजे.

तुमच्याकडे खरं तर दोन वेळा आहेत. 12:21 ही तुम्ही विनंती दाबल्याची, 12:24 ही व्यवहार ब्लॉकमध्ये गेल्याची. पैसे घेणाऱ्या एक्स्चेंजला फक्त दुसरी दिसते. पहिली पाठवणाऱ्याशी भांडायची वेळ आली तर कामाची. कधी एक्स्चेंज मोठी रक्कम तपासणीसाठी अडवून ठेवतं, तेव्हा या दोन वेळांमध्ये कित्येक तासांचं अंतर पडतं आणि माणूस भलत्या वेळेची नोंद शोधत बसतो.

घोडेस्वार77 (8 नोव्हेंबर, संध्याकाळी 5:10)

bscscan चं मला माहीत नव्हतं, मान्य. पण स्क्रीनशॉटबद्दल मी ठाम आहे, जितके जास्त तितकं चांगलं. मी तर पूर्ण व्हिडिओ करून पाठवतो.

पाणंद (8 नोव्हेंबर, संध्याकाळी 5:45)

व्हिडिओची गरज ॲप अडकतं, बटण दाबलं जात नाही अशा तक्रारींना असते. पैसे जमा न होण्याच्या तक्रारीत बघणाऱ्याला चित्रातून फार थोडं हवं असतं. मी स्वतः बारा-बारा स्क्रीनशॉटची तिकिटं बघितली आहेत, ज्यात कामाचा एकही नव्हता. यादी दिसतेय, पण ओळ उघडलेली नाही. TXID दिसतोय, पण मधली अक्षरं टिंबांनी झाकलेली. किंवा लाल गोल काढलाय आणि तो नेमका नेटवर्कच्या नावावर आलाय.

चांदणवेल, तुम्हाला तीन पुरतील. पहिला, पाठवणाऱ्या एक्स्चेंजवर 230 ची ओळ उघडून आलेलं पान, ज्यावर नेटवर्क, पत्ता, TXID आणि वेळ एकत्र दिसतं. दुसरा, bscscan चं पान, वरच्या पत्त्याच्या पट्टीसकट, म्हणजे कोणता एक्सप्लोरर ते कळेल. तिसरा, घेणाऱ्या एक्स्चेंजवर तुमचं डिपॉझिटचं पान, ज्यावर तुमचा पत्ता दिसतो. शक्य असेल तर संगणकावरून काढा, फोनवर पान अर्धं कापलं जातं. आणि मूळ फाइल जोडा. मेसेजिंग ॲपवरून स्वतःला पाठवून घेतलेलं चित्र दाबलं जातं आणि अक्षरं फाटतात.

TXID मात्र चित्रात असला तरी तिकिटात मजकूर म्हणूनही चिकटवायचाच. 0x नंतरची 64 अक्षरं चित्रावरून हाताने टाइप करायला लावलं, तर एखादं चुकतंच. त्यात फक्त 0 ते 9 आणि a ते f येतात. कुठे ओ किंवा एल दिसला तर समजा टाइप करताना गडबड झाली.

सावनी (8 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:20)

एक महत्त्वाचं. स्क्रीनशॉट काढताना वरच्या नोटिफिकेशन बंद करा, ईमेल आणि एकूण शिल्लक झाका. पण झाकताना पत्ता आणि TXID झाकू नका, मी तेच केलं होतं आणि तिकीट परत आलं.

आणि चांदणवेल, धाग्यावर असं काही लिहिल्यावर "मी सपोर्टमधून बोलतोय" म्हणून खाजगी निरोप येतील. मला तीन आले होते. एकाने तर माझा तिकीट नंबरही सांगितला, तो मीच धाग्यात लिहिला होता. वॉलेटचे गुप्त बारा शब्द किंवा प्रायव्हेट की कोणत्याही तिकिटाला लागत नाही. मागितली की समजा चोर आहे.

चांदणवेल (8 नोव्हेंबर, संध्याकाळी 7:05)

सावनी, दोन आलेत आत्तापर्यंत. दोन्ही ब्लॉक केले. खूप आभार.

बंद झालेल्या दुसऱ्या तिकिटालाच उत्तर देऊन हे लिहिलंय. कुठे खटकतंय का बघाल?

"पहिल्या तिकिटात मी 0x4be1…09fa हा TXID दिला होता. तो 20 USDT चा आहे आणि ती रक्कम जमा झालेली आहे. तक्रार त्याबद्दल नाही. जमा न झालेल्या व्यवहाराचा TXID 0xd73c…5e18 (पूर्ण दिला आहे). नेटवर्क: BEP20. माझा डिपॉझिट पत्ता (पूर्ण). ब्लॉकमधली वेळ 2025-11-04 18:54:37 UTC. एक्सप्लोररवर Status: Success. तुमच्याकडे माझा पत्ता ERC20 साठी दिलेला होता, पाठवताना माझ्याकडून BEP20 निवडलं गेलं. ही रक्कम परत मिळवण्याची प्रक्रिया काय आहे ते कळवावे."

चूक माझी आहे हे लिहावं की नाही, यावर बराच वेळ विचार करत होते.

पाणंद (8 नोव्हेंबर, संध्याकाळी 7:30)

लिहा. ते लपवलंत तर ते तिकीट "डिपॉझिट दिसत नाही" या रांगेत जातं, तिथला माणूस इथेरियमच्या नोंदी बघतो आणि पुन्हा तेच उत्तर येतं. चुकीच्या नेटवर्कची प्रकरणं बहुतेक ठिकाणी वेगळी माणसं बघतात. तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांमुळे ते तिकडे जाईल.

एकच भर घाला: टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता, 0x55d398… पूर्ण. USDT नावाची खोटी टोकनंही फिरतात, तर हे खरं आहे हे त्यांना लगेच कळेल.

त्रिज्या (8 नोव्हेंबर, रात्री 9:15)

पैसे परत मिळतील असं गृहीत धरून चाललाय सगळे. त्या एक्स्चेंजला BEP20 चालतच नसेल तर?

पाणंद (8 नोव्हेंबर, रात्री 9:40)

गृहीत धरलेलं नाही. 0x चा साधा पत्ता ज्या प्रायव्हेट कीने उघडतो, तीच की दोन्ही नेटवर्कवर चालते. म्हणून तांत्रिकदृष्ट्या ते पैसे एक्स्चेंजच्या ताब्यात आहेत. काढून देणं न देणं हा त्यांचा निर्णय. काही ठिकाणी शुल्क घेऊन देतात, काही ठिकाणी ठरावीक रकमेखाली हातच लावत नाहीत.

त्रिज्या (8 नोव्हेंबर, रात्री 10:02)

साधा पत्ता असेल तर. काही एक्स्चेंज प्रत्येक ग्राहकाला स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा पत्ता देतात. तो कॉन्ट्रॅक्ट फक्त इथेरियमवर उभा केलेला असेल, तर BEP20 वर त्याच पत्त्यावर गेलेले पैसे त्या कीने हलत नाहीत.

पाणंद (8 नोव्हेंबर, रात्री 10:20)

बरोबर, हा मुद्दा माझ्याकडून राहिला. चांदणवेल, तुमचा डिपॉझिट पत्ता etherscan वर टाकून बघा. पानावर "Contract" असा टॅब दिसला तर त्रिज्या म्हणतात ती शक्यता खरी. मग त्यांना तोच कॉन्ट्रॅक्ट तिकडेही त्याच पत्त्यावर उभा करता येतो का, यावर सगळं अवलंबून. काहींना येतो, काहींना नाही.

चांदणवेल (9 नोव्हेंबर, सकाळी 8:50)

"Contract" दिसत नाहीये. साधाच पत्ता दिसतोय.

आणि रात्रीतून उत्तर आलं! यावेळी छापील नव्हतं. व्यवहार त्यांना सापडला, पत्ता माझाच आहे हे त्यांनी मान्य केलं आणि प्रकरण रिकव्हरीच्या टीमकडे दिलंय. शुल्क लागेल, ते रकमेतून वळतं करतील. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही म्हणाले. आणखी काहीही मागितलं नाही, नवा स्क्रीनशॉटही नाही.

ओंजळ (9 नोव्हेंबर, सकाळी 9:30)

अभिनंदन! मीही पाणंद यांनी सांगितलं तसं टॅग लिहून आत्ताच पाठवलं, पण तपशिलाचं पान जोडता आलं नाही. माझा प्रश्न एवढाच: पाठवणारं एक्स्चेंज आता बंद पडलंय, हिस्टरी उघडत नाही, माझ्याकडे फक्त तेव्हा आलेला ईमेल आहे. त्यात TXID आहे, पण माझं नाव नाही. हे पुरेल का?

पाणंद (9 नोव्हेंबर, सकाळी 10:05)

ईमेल फॉरवर्ड करू नका, मूळ ईमेल हेडरसकट फाइल म्हणून जोडा. पाठवणारा सर्व्हर आणि वेळ त्यात असते. काही ठिकाणी ते चालतं. तुमच्या एक्स्चेंजला चालेल की नाही, ते त्यांनी ठरवल्यावरच कळेल. इथे कोणाचं असं प्रकरण झालं असेल तर लिहा, मलाही हवंय.